इको-आर-वनने दोनऐवजी चार पट्टे दिले: पार्शल, स्टार, की इन्सर्टच चुकीचा?

अर्धा_मायक्रोलिटर (धागाकर्ती)

तीन दिवस डोकं खाजवतेय, म्हणून धागा काढला.

पीयूसी १९ मध्ये, इको-आर-वनच्या जागी, १२०० बेसपेअरचा तुकडा घातलाय. तुकड्याच्या दोन्ही टोकांना इको-आर-वनच आहे, त्यामुळे तो सुलटा बसला की उलटा हे ठाऊक नाही. ते पुढचं. आधी तो बसलाय का, एवढंच बघायचं होतं.

चार कॉलन्यांचं मिनीप्रेप केलं आणि इको-आर-वनने कापलं. हिशेबाने दोन पट्टे यायला हवेत, २६८६ आणि १२००. एक नंबरच्या कॉलनीत आले चार: साधारण २.७, १.२, ०.८५ आणि ०.३५ केबी. शेवटचा फिका आहे, पण आहे. २.७ चा पट्टा खालच्या कडेला जरा पसरल्यासारखा दिसतोय. बाकीच्या कॉलन्याही थोड्याफार अशाच.

रिअ‍ॅक्शन अशी होती: डीएनए ५ मायक्रोलिटर (म्हणजे १ मायक्रोग्रॅम), दहापट बफर २, एन्झाइम ५, पाणी ८. एकूण २०. रात्रभर ३७ अंशावर. एन्झाइम इतकं घातलं कारण मागच्या वेळी अर्धवट कापलं गेलं होतं आणि एका सीनियरने सांगितलं की हात आखडता घेऊ नकोस.

जेल १ टक्का. न कापलेला प्लाझ्मिड शेजारच्या लेनमध्ये चालवला नाही. (माहीत आहे. ओरडू नका.)

---

निळा_डाय

हे सरळ पार्शल आहे. बेरीज करून बघ ना: २.७ + १.२ + ०.८५ + ०.३५ म्हणजे ५.१ केबी. तुझा प्लाझ्मिड मुळात २६८६ + १२०० = ३८८६ चा. बेरीज जास्त भरली याचा अर्थ काही रेणू पूर्ण कापले गेले आणि काही राहिले. अजून २ मायक्रोलिटर एन्झाइम घाल आणि दोन तास ठेव, निवळेल.

---

थंड_डबा

मला वाटतं मेथिलेशन बघायला हवं. माझी एक्सबा-वनची साइट महिनाभर कापली जात नव्हती. शेवटी लक्षात आलं की TCTAGA च्या लगेच पुढे TC होतं, म्हणजे तिथे GATC तयार होत होतं आणि नेहमीच्या ई. कोलायमधलं डॅम मेथिलेज ती जागा झाकून टाकत होतं. डॅम नसलेल्या स्ट्रेनमध्ये प्लाझ्मिड वाढवला आणि पहिल्याच फटक्यात कापला गेला. तुझी पण साइट अशीच अडली असेल.

---

अर्धा_मायक्रोलिटर

@थंड_डबा, पण माझं कापलं *जात नाही* असं नाहीये. जास्तच कापलं जातंय.

---

थंड_डबा

अरे हो. उलटं वाचलं. राहू दे, कुणाला तरी उपयोगी पडेल.

---

जुनी_खोड

अर्धा_मायक्रोलिटर, आणखी एन्झाइम घालू नकोस. निळा_डाय यांची बेरीज बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष नाही.

बेरीज प्लाझ्मिडच्या लांबीपेक्षा जास्त भरली तर एवढंच कळतं की ट्यूबमधले सगळे रेणू एकसारखे कापले गेलेले नाहीत. *कुठे* अर्धवट कापले गेले हे बेरीज सांगत नाही. त्यासाठी पार्शल असतं तर काय दिसलं असतं ते मांडून बघायचं.

तुझ्या वर्तुळात इको-आर-वनच्या जागा दोन. एकच कापली गेली तर ३८८६ चा सरळ तुकडा मिळेल. दोन्ही कापल्या तर २६८६ आणि १२००. एकही नाही तर गुंडाळलेला प्लाझ्मिड जसाच्या तसा. झालं, चौथी शक्यता नाही. म्हणजे पार्शलमुळे नवा पट्टा आला तर तो अपेक्षित तुकड्यांपेक्षा *मोठा* असतो, कारण तो दोन शेजारी तुकडे जोडलेले राहिल्यामुळे येतो. १२०० पेक्षा लहान काही पार्शलमधून येऊच शकत नाही. तुझ्याकडे ८५० आणि ३५० आहेत. आणि त्या दोघांची बेरीज? १२००.

तेव्हा काहीतरी इन्सर्टच्या पोटात कापतंय. एकतर तिथे इको-आर-वनची तिसरी खरी जागा आहे, नाहीतर एन्झाइम जिथे कापायला नको तिथे कापतंय. आणि तुझी रिअ‍ॅक्शन वाचल्यावर माझं मत दुसऱ्याकडे झुकतं. एन्झाइमची बाटली किती युनिटची आहे?

---

अर्धा_मायक्रोलिटर

२० युनिट प्रति मायक्रोलिटर.

---

जुनी_खोड

म्हणजे १०० युनिट, १ मायक्रोग्रॅमवर, सोळा तास. डास मारायला तोफ.

आता ग्लिसरॉल बघ. एन्झाइम फ्रीजरमध्ये गोठू नये म्हणून ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये ठेवलेलं असतं. त्यातलं ५ मायक्रोलिटर तू २० मध्ये घातलंस, म्हणजे रिअ‍ॅक्शनमध्ये १२.५ टक्के ग्लिसरॉल. एन्झाइमचं आकारमान एकूण रिअ‍ॅक्शनच्या दहाव्या भागाच्या वर जाऊ द्यायचं नाही असं जे सांगतात ते यासाठीच, म्हणजे ग्लिसरॉल ५ टक्क्यांच्या आत राहतं. तू अडीचपट वर गेलीस. शिवाय रात्रभरात पाण्याची वाफ होऊन झाकणाला थेंब जमतात. खाली राहिलेल्या द्रवात ग्लिसरॉल आणखी दाट होतं. सकाळी ट्यूब उघडलीस तेव्हा झाकण ओलं होतं का?

अशा वेळी इको-आर-वन GAATTC वर अडून बसत नाही. मधलं AATT जुळलं की बाजूच्या अक्षरांकडे काणाडोळा करतं. यालाच स्टार अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात. इको-आर-वनची ही खोड १९७५ पासून माहीत आहे. ग्लिसरॉल जास्त, एन्झाइम जास्त, मीठ कमी, पीएच ८ च्या वर, मॅग्नेशियमऐवजी मँगनीज, किंवा डीएनएसोबत आलेलं इथेनॉल, यातलं काहीही तिला चालना देतं. आणि दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या की परिणाम नुसता जोडला जात नाही, बराच वाढतो.

---

अर्धा_मायक्रोलिटर

झाकण ओलं होतं. चांगलंच.

पण मग १ मायक्रोग्रॅमला किती युनिट घालायची? व्याख्येप्रमाणे तर १ युनिट १ तासात १ मायक्रोग्रॅम कापतं. मागच्या वेळी मी १ युनिटच घातलं होतं, १ तास, आणि ते अर्धवट राहिलं. म्हणून तर हा गोंधळ.

---

रिकामी_लेन

हा प्रश्न मलाही कायम पडतो. १ युनिट म्हणजे १ मायक्रोग्रॅम *कुठल्याही* डीएनएचं, असंच मी धरून चालत होतो.

---

जुनी_खोड

तिथेच सगळे अडखळतात. व्याख्या बहुतेक एन्झाइमसाठी *लॅम्डा* डीएनएवर बेतलेली आहे: ठरलेल्या बफरमध्ये, ५० मायक्रोलिटरमध्ये, ठरलेल्या तापमानाला, १ मायक्रोग्रॅम लॅम्डा १ तासात पूर्ण कापायला लागणारं एन्झाइम म्हणजे १ युनिट. व्याख्येत वजन मोजलंय, पण एन्झाइमला वजनाशी देणंघेणं नाही. त्याला काम करायचं असतं ते जागांवर.

लॅम्डा ४८,५०२ बेसपेअरचा आहे आणि त्यात इको-आर-वनच्या जागा ५. म्हणजे साधारण ९,७०० बेसपेअरमागे एक. तुझा प्लाझ्मिड ३८८६ चा आणि जागा २. म्हणजे १,९४३ मागे एक. भाग दे: ९,७०० भागिले १,९४३, जवळपास ५. सारख्याच वजनाच्या डीएनएत तुझ्याकडे पाचपट जागा आहेत. तेव्हा तुझ्या १ मायक्रोग्रॅमला तासाभरात संपवायला ५ युनिट हवीत. वर प्लाझ्मिड गुंडाळलेला असतो, आणि गुंडाळलेल्या डीएनएला बऱ्याच एन्झाइमना थोडं जास्त लागतं. म्हणून १० युनिट, १ तास. बस.

मागच्या वेळी १ युनिटने अर्धवट राहिलं यात नवल काहीच नाही. ते अगदी हिशेबाप्रमाणे अर्धवट राहिलं. फक्त त्यावर १०० हा उतारा नव्हता.

आणि एक. मिसळताना नीट बघतेस ना? ग्लिसरॉल जड असतं. एन्झाइम घातल्यावर बोटाने टिचकी मारून मिसळलं नाही तर ते सरळ तळाला जाऊन बसतं आणि वरचा डीएनए तसाच राहतो. निळा_डाय यांचं पार्शल कित्येकदा अशाच ट्यूबमधून येतं.

---

निळा_डाय

मान्य, लहान पट्ट्यांचं माझ्या लक्षात आलं नाही. पण एक शंका: तिसरी खरी साइट असण्याची शक्यता तुम्ही फार लवकर सोडलीत. पीसीआरने तुकडा काढला असेल तर एखादं अक्षर बदलून GAATTC तयार होऊ शकतं की.

---

जुनी_खोड

सोडलेली नाही, मागे ठेवली. चारही कॉलन्यांत तेच पट्टे आहेत. पीसीआरमधली चूक चार वेगवेगळ्या कॉलन्यांत नेमकी त्याच अक्षरावर येणं अवघड. पण ज्या सिक्वेन्सवर विसंबून नकाशा काढला तोच चुकीचा असेल तर तुमचं म्हणणं शक्य आहे. दोन्हीचा निकाल एकाच जेलवर लागतो.

पाच ट्यूब लाव. डीएनए तोच, १ मायक्रोग्रॅम. एन्झाइम ५, १०, २० आणि १०० युनिट, चारही १ तास. पाचवीत १०० युनिट रात्रभर, म्हणजे तुझी जुनी चूक मुद्दाम पुन्हा. सहाव्या लेनमध्ये न कापलेला प्लाझ्मिड. जागा खरी असेल तर ८५० आणि ३५० चे पट्टे ५ युनिटलाही येतील आणि १२०० चा पट्टा दिसणारच नाही, कारण खऱ्या जागेला एन्झाइम सारखाच न्याय देतं. स्टार असेल तर ते ५ आणि १० ला गायब असतील आणि शेवटच्या ट्यूबकडे जाता जाता उगवतील.

न कापलेली लेन का, तेही सांगतो. गुंडाळलेला प्लाझ्मिड आटोपशीर असल्याने सरळ तुकड्यापेक्षा पुढे पळतो. ३.९ केबीचा गुंडाळलेला प्लाझ्मिड २.७ च्या आसपास येऊन बसला तर तू त्याला व्हेक्टर समजशील. त्याचा आकार लॅडरवर वाचायचाच नसतो.

१० युनिटच्या ट्यूबसाठी डीएनए ५, बफर २, एन्झाइम अर्धा मायक्रोलिटर, पाणी साडेबारा. तुझ्या नावाला जागलीस म्हणायचं.

---

अर्धा_मायक्रोलिटर

😄 उद्या लावते.

दरम्यान इन्सर्टच्या सिक्वेन्समध्ये AATT शोधलं. दोन ठिकाणी सापडलं. तुकड्याच्या सुरुवातीपासून ३५२ वर GAATTA, आणि ६१० वर CAATTT.

३५२ आणि ८४८!! जेलवरच्या ०.३५ आणि ०.८५ शी तंतोतंत.

पण मग ६१० वर का कापलं नाही? तिथे कापलं असतं तर ६१० आणि ५९० असे दोन चिकटून पट्टे आले असते. तिथे जेल साफ आहे.

---

जुनी_खोड

GAATTA मध्ये एकच अक्षर चुकलंय. CAATTT मध्ये दोन्ही टोकांची. स्टार म्हणजे बेबंद कापणं नव्हे. खऱ्या जागेच्या जितकं जवळ तितकं आधी कापलं जातं, एका अक्षराने चुकलेल्या जागा सहसा पहिल्या. एवढंच कारण आहे असं मात्र मी छातीठोकपणे म्हणणार नाही, आजूबाजूच्या अक्षरांचाही परिणाम असतो.

तुझ्या २.७ च्या पट्ट्याची कड पसरली आहे म्हणालीस, ते मला जास्त रंजक वाटलं. पीयूसी १९ मध्ये हिंड-थ्रीपासून पुढे हे वाच:

```
AAGCTTGGCGTAATCATGGTCATAGCTGTTTCCTGTGTG
AAATTGTTATCCGCTCACAATTCCACACAAC
```

दुसऱ्या ओळीत, लॅक ऑपरेटरच्या भागात, CAATTC आहे. एकच अक्षर चुकलेलं. त्याच ओळीच्या सुरुवातीला AAATTG आहे, त्याची दोन्ही टोकं चुकलेली. आता इको-आर-वनच्या जागेपासून बोट ठेवून मोज: CAATTC १०७ बेसपेअरवर येतं. तिथे स्टार झाला तर २६८६ चे २५७९ आणि १०७ होतात. २६८६ आणि २५७९ मध्ये फरक ४ टक्क्यांचा, १ टक्क्याच्या जेलवर ते वेगळे दिसत नाहीत, खालची कड मळल्यासारखी दिसते. आणि १०७ चा तुकडा एक तर जेलबाहेर पळतो नाहीतर इतका फिका असतो की नजरेत भरत नाही.

---

एकशेएक_कॉलनी

मध्येच घुसतो, पण माझंही असंच काहीतरी झालंय. स्मा-वन आणि इको-आर-वन दोन्ही एकत्र लावले, ३७ अंशाला, स्मा-वनच्या पोटॅशियम अ‍ॅसिटेटच्या बफरमध्ये. तक्त्यात त्या बफरला इको-आर-वनपुढे ५० टक्के लिहिलं होतं, म्हणून दुप्पट इको-आर-वन घातलं. व्हेक्टर अर्धाच सरळ झालेला वाटला आणि खाली धुरासारखं काहीतरी. बफर जुळत नव्हतं का?

---

जुनी_खोड

तुमच्याकडे दोन वेगळ्या भानगडी एकाच ट्यूबमध्ये आहेत.

स्मा-वनचं तापमान २५ अंश. त्याचं युनिटही २५ अंशालाच मोजलेलं असतं. ३७ ला ते फार वेळ तग धरत नाही, म्हणजे तुम्ही ट्यूब गरम करत होता तेव्हा ते मरत होतं.

दुसरं, तक्त्यातले ५० टक्के. टक्का फक्त वेग सांगतो. वेग अर्धा म्हणून दुप्पट घालणं गणिताने ठीक, पण त्या आकड्याशेजारी बारीकशी चांदणी होती का ते बघा. असेल तर त्याचा अर्थ 'या बफरमध्ये स्टारचा धोका'. त्या बफरमध्ये मीठ कमी आणि पीएच ७.९. इको-आर-वनच्या दृष्टीने ती निसरडी जागाच आहे, आणि तुम्ही तिथे दुप्पट माणसं उभी केलीत.

एकामागून एक करा. आधी स्मा-वन, २५ अंश, त्याच्या बफरमध्ये, २० मायक्रोलिटर. तासाभराने ६५ अंशाला २० मिनिटं ठेवून त्याला निकामी करा. मग त्या २० मध्ये इको-आर-वनचं दहापट बफर ५, एन्झाइम १ आणि पाणी २४, एकूण ५०. आधीचं बफर पातळ होऊन जातं, इको-आर-वनला त्याचं मीठ मिळतं. क्रम उलटा करू नका. मीठ वाढवणं सोपं, काढून घेणं कटकटीचं.

चिकट टोक चालणार असेल तर स्मा-वनऐवजी एक्समा-वन वापरा. जागा तीच, CCCGGG, पण ३७ अंशाला काम करतं. बोथट टोकच हवं असेल तर मात्र इलाज नाही.

---

एकशेएक_कॉलनी

चांदणी होती. मला वाटलं खाली तळटीप असेल, वाचू नंतर.

---

रिकामी_लेन

अर्धा_मायक्रोलिटर, तुला पुढे दिशा बघायची आहे ना? इको-आर-वनचं निस्तरलं की इको-आर-वन आणि बॅम-एच-वन एकत्र लाव. इन्सर्टमध्ये बॅम-एच-वन आहे का? असेल तर एकाच डायजेस्टमध्ये इन्सर्टही दिसेल आणि दिशाही.

---

अर्धा_मायक्रोलिटर

आहे, एकच. जनुकाच्या सुरुवातीपासून ३०० वर. आणि व्हेक्टरमधला एक, इको-आर-वनपासून २१ बेसपेअरवर. छान सुचवलंत, करते.

---

जुनी_खोड

थांब. लावायच्या आधी कागदावर दोन्ही दिशा मांड.

इको-आर-वन आणि बॅम-एच-वन एकत्र लावले की इन्सर्ट आधी व्हेक्टरपासून सुटतो. तो सुटला की त्याचे ३०० आणि ९०० होतात, तो कुठल्याही तोंडाने बसलेला असो. व्हेक्टरचे २१ आणि २६६५. म्हणजे सुलटा असो वा उलटा, पट्टे तेच: २६६५, ९००, ३००, आणि न दिसणारा २१. दिशेची माहिती इको-आर-वनच्या सांध्यात होती आणि तू तोच सांधा कापून टाकलास.

त्याऐवजी *एकटं* बॅम-एच-वन. जनुकाची सुरुवात व्हेक्टरच्या बॅम-एच-वनच्या बाजूला असेल तर दोन बॅममधलं अंतर ३०० + २१ = ३२१, उरलेलं ३५६५. जनुकाचा शेवट त्या बाजूला असेल तर ९०० + २१ = ९२१, उरलेलं २९६५. दोन्हीकडे बेरीज ३८८६. आता ३२१ आणि ९२१ मध्ये फरक डोळे मिटूनही कळेल.

(@थंड_डबा, बॅम-एच-वनच्या GGATCC मध्ये GATC आहे, पण डॅम मेथिलेशनने ते अडत नाही. तुम्ही विचारायच्या आधी.)

---

थंड_डबा

विचारणारच होतो.

---

रिकामी_लेन

बाप रे. मी हे दोन वर्षं असंच करतोय. म्हणजे दिशा म्हणून जे मी वहीत लिहिलं ते...

---

जुनी_खोड

वही काढून बघा. तुमच्या इन्सर्टमधला दुसरा एन्झाइम व्हेक्टरच्या दुसऱ्या टोकाला दूरवर कापत असेल तर एकत्र लावूनही फरक दिसू शकतो, जर क्लोनिंगचा सांधा शाबूत ठेवला असेल तर. सांधा कापला की संपलं.

---

अर्धा_मायक्रोलिटर

जेल झाली.

५ युनिट, १ तास: २.७ आणि १.२. मधे काहीही नाही. ३.९ ला अगदी पुसटशी रेघ, म्हणजे थोडं पार्शल, बरोबर ना?
१० युनिट: २.७ आणि १.२, एकदम स्वच्छ. ३.९ ची रेघ गेली.
२० युनिट: तसंच.
१०० युनिट, १ तास: ०.८५ ला संशय घ्यावा इतपत सावली.
१०० युनिट, रात्रभर: पुन्हा तेच चार पट्टे, आणि १.२ चा पट्टा शेजारच्या लेनपेक्षा स्पष्ट फिका.

न कापलेल्या लेनमध्ये मुख्य पट्टा लॅडरच्या अडीच केबीच्या जरा वर. तुम्ही म्हणालात तसा व्हेक्टर समजून फसलेच असते.

---

जुनी_खोड

५ च्या लेनमधली ३.९ ची रेघ पार्शलच, आणि ती १० ला गेली. निळा_डाय, हे तुमचं पार्शल, बघून घ्या. अपेक्षित तुकड्यांच्या वर बसलंय.

आता चकाकी बघ. रंग डीएनएच्या वजनाला चिकटतो, तुकड्यांच्या संख्येला नाही. दोन्ही तुकडे सारख्याच संख्येने असतील तर २६८६ चा पट्टा १२०० च्या सव्वादोनपट चमकायला हवा. १० च्या लेनमध्ये तसा दिसतोय का? १२०० चा पट्टा त्याहून खूपच फिका असेल तर त्या मिनीप्रेपमध्ये रिकामा पीयूसी मिसळलेला आहे.

---

अर्धा_मायक्रोलिटर

डोळ्यांनी साधारण तसाच वाटतोय. सॉफ्टवेअरने मोजते.

बॅम-एच-वनही लावलं, १० युनिट, १ तास. कॉलनी १, २ आणि ४: ३.० आणि ०.९. म्हणजे जनुकाचा शेवट बॅमच्या बाजूला. कॉलनी ३ ने पुन्हा चार पट्टे दिले: ३.६, ३.०, ०.९, ०.३. 😩 आता बॅम-एच-वनचा पण स्टार?

---

निळा_डाय

यावेळी मी आधी मांडून बघतो. ३.६ + ०.३ = ३.९. ३.० + ०.९ = ३.९. दोन पूर्ण जोड्या. एक सुलट्याची, एक उलट्याची. स्टार नाही, दोन कॉलन्या एकात आल्यात.

---

जुनी_खोड

शाब्बास. मी अजून एक शक्यता तपासली: दोन इन्सर्ट एकापाठोपाठ एकाच प्लाझ्मिडमध्ये बसलेत. तसं असतं तर वर्तुळ ५०८६ चं झालं असतं. दोन्ही एकाच तोंडाने असते तर दोन इन्सर्टमधल्या बॅमचं अंतर १२००, म्हणून १.२ चा पट्टा यायला हवा होता. तो नाही. उलटसुलट बसले असते तरी ३.९ च्या दोन नेमक्या जोड्या जमल्या नसत्या. प्लेटवर रेघ मारून सुट्ट्या कॉलन्या घे आणि त्यातल्या दोन-तीन पुन्हा बॅमने काप.

---

एकशेएक_कॉलनी

माझं स्मा-वन २५ ला चाललं. इको-आर-वन नंतर. व्हेक्टर एका सरळ पट्ट्यात आला, धूर गेला.

एक विचारतो: स्टार न करणारी सुधारलेली इको-आर-वन मिळते ना, एचएफवाली? ती घेतली तर हा सगळा हिशेब करायलाच नको.

---

जुनी_खोड

मिळते. प्रथिनात बदल करून बनवलेली आहे, स्टार खूपच कमी. पण तिने जागांचा हिशेब बदलत नाही, तुमच्या प्लाझ्मिडला पाचपट जागा असतील तर त्या पाचपटच राहतात. आणि तिचं बफर वेगळं असतं, जुन्या इको-आर-वनच्या सवयीने मीठवालं बफर घालू नका.

---

अर्धा_मायक्रोलिटर

१०७ चा तुकडा शोधायचा मोह आवरला नाही. रिकामा पीयूसी १९, १ मायक्रोग्रॅम, १०० युनिट, रात्रभर, ग्लिसरॉल मुद्दाम १२.५ टक्के. २.५ टक्क्यांच्या जेलवर चालवला. हिशेबाने पूर्ण कापलं गेलं तर १०७ च्या पट्ट्यात जेमतेम ४० नॅनोग्रॅम, अर्धवट असेल तर त्याहून कमी.

आणि नेमकं त्याच पट्ट्यात ब्रोमोफिनॉल ब्लूची काळी सावली पडलीय. १०० च्या आसपास काहीच वाचता येत नाही. कडेला काहीतरी आहे असं मला वाटतंय, पण मला आता सगळीकडेच वाटतं.

---

जुनी_खोड

ऑरेंज जी घाल, ते त्याच्या पुढे पळतं. किंवा त्या लेनमध्ये डायच घालू नकोस, नुसतं ग्लिसरॉल, आणि डाय शेजारच्या रिकाम्या लेनमध्ये.

---

अर्धा_मायक्रोलिटर

पीयूसी १९ चा साठा संपला. पुन्हा वाढवायला टाकलाय. तो आला की इथेच फोटो टाकते.